सार नको, तुकडे करा

"फोनवर माणूस दिसत नाही, आणि आपल्या काकू मुद्द्यावर यायला पाच मिनिटं घेतात. मग दुभाष्याने सार सांगितलं तर काय बिघडलं?" ऐरोलीतल्या ज्येष्ठांच्या आरोग्य हेल्पलाइनवर नव्याने रुजू झालेल्या एका दुभाषीने आमच्या चर्चेत विचारलेला प्रश्न. तिथं नर्स केरळची, डॉक्टर बेंगळुरूचे आणि फोन करणारे ठाणे-कळव्याचे.

बिघडतं ते असं. समजा, कळव्याहून एक काकू बोलतात: "अहो, काल खारेगावला लग्न होतं, जेवायला उशीर झाला. रात्री दोनला उठले, पाणी प्यायले आणि बेसिनपाशी पडले. गोळी दिलेली होती, ती पांढरी, अर्धी. मुलगा घणसोलीला, तो उचलेना. आता इथं एवढं आलंय."

याचं सार 'रात्री पडले, सूज आहे' असं होईल. त्यात अर्धी पांढरी गोळी गेली. ती रक्त पातळ करणारी असेल तर डोक्याला लागलेला मार वेगळ्या गांभीर्याने बघावा लागतो, आणि हे ठरवायचं नर्सने. त्याहून मोठी अडचण म्हणजे पडलं कोण? काकू स्वतः पडल्या तरी 'पडले', काका पडले तरी 'पडले'. समोर बसलेल्या बाईच्या कपाळावर टेंगूळ दिसलं असतं. फोनवर विचारावंच लागतं. अंदाजाने 'काकू पडल्या' किंवा 'काका पडले' असं केलं तर पुढचं वय, वजन, गोळ्या सगळं चुकीच्या माणसाच्या नावावर जातं. इंग्रजीत आधी नर्सला सांगायचं, "दुभाषी बोलतेय, कोण पडलं हे वाक्यातून कळत नाही, विचारू का?" मग काकूंना विचारायचं.

'इथं' आणि 'एवढं' यांचंही तसंच. हे शब्द जसेच्या तसे सांगा आणि बोलणारी हाताने दाखवतेय असं वाटतं, हेही सांगा. "लिंबाएवढं का?" असं आपणच सुचवू नका. काकू हो म्हणतील आणि माप आपलं होईल.

आता लांबण. तुकडे पाडायची सोय कॉलच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात होते: "काकू, दोन-तीन वाक्यं झाली की मी थांबा म्हणेन, तेवढं सांगून परत तुमच्याकडे येते." नर्सलाही हेच सांगायचं. मग श्वास घ्यायला त्या थांबतात तिथंच शिरायचं. दोघी एकदम बोललात तर स्पीकरवरच्या मोबाइलवर एक आवाज कापला जातो आणि नेमका काकूंचा शब्द जातो. कागदावर नावं, वेळ, आकडे आणि कोणी कोणाला काय केलं याचे बाण, एवढंच लिहा. 'साखर एकोणऐंशी' ऐकलं की 'सात, नऊ ना?' असं अंक सुटे करून परत विचारा. खराब लाइनवर एकोणसत्तर आणि एकोणऐंशी सारखेच वाटतात.

कळव्याच्या एका निवृत्त मेट्रनबाईंचं म्हणणं असं की नर्सला इतकं ऐकायला वेळ नसतो, वळवावंच लागतं. वळवावं लागतं हे खरं, पण वळवायचं नर्सने. "गोळीचं नाव पाकिटावरून वाचा" असा एक नेमका प्रश्न तिने टाकला की लांबण आपोआप आटोपते. नेरूळच्या एका गृहस्थांनी याच चर्चेत आईच्या बँकेच्या कॉलची तक्रार आणली. तो वेगळा विषय आहे. तिथं माणूस चुकीच्या भाषेच्या रांगेत अडकला होता, दुभाषी नव्हताच.

मी आहे तिथं, मेलबर्नमध्ये, फोनवरची सरकारी दुभाषी सेवा 1973 पासून आहे, आज 131 450 वर चोवीस तास मिळते. दुभाष्यांच्या आचारसंहितेत काही गाळू नये, भर घालू नये, बदलू नये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण नियमाइतकंच महत्त्वाचं हे की नर्स तिसऱ्या आवाजासाठी थांबते. ऐरोलीत कॉलच्या मिनिटांवरून दुभाष्याला बोल लावले, तर सार सांगणं ही त्याची मजबुरी होईल. मिनिटं मोजायचीच असतील तर दुभाषी असलेले कॉल वेगळे मोजावेत.

मागून कोणी काकूंना उत्तर पुरवत असेल तर तेही सांगायचं, कारण नर्सला ते मराठी कळत नाही. धाप किंवा हुंदका मात्र तिलाही ऐकू येतो. तो वेगळा सांगावा का, यावर ऐरोलीत रात्रपाळी करणाऱ्या एका जुन्या दुभाषीचं मत 'नाही' असं आहे. मला वाटतं, लाइन खराब असेल तर सांगावा. आमचं यावर अजून जुळलेलं नाही.