टाकी खाली राहील

हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत आली की लोक खूप हसतात. ‘मुलांना मोफत शिक्षा’ असा फलक दिसला की फोटो काढतात आणि सगळ्यांना पाठवतात. मला त्या शब्दाची भीती वाटत नाही. तो दारातूनच बोंबलत येतो, कुणीही पकडतो. भीती वाटते ती वाक्यात गुपचूप पाय दुमडून बसणाऱ्या शब्दांची. वाक्य व्याकरणात बसतं, शुद्धलेखन तपासणाऱ्याला खटकत नाही, वाचणारा मान डोलावतो आणि अर्थ मात्र मागच्या दाराने निघून गेलेला असतो.

गोव्यात अशा शब्दांचं फावतं. इथे कोंकणी, मराठी आणि हिंदी तिन्ही देवनागरीत समोर येतात, त्यामुळे अक्षर लागलं की अर्थही लागला असं आपण धरून चालतो. खरं तर साध्या ‘नाका’नेच आपल्याला सावध करायला हवं. मराठीत तो रस्त्याचा कोपरा, कोंकणीत ‘नको’. पण आपण सावध होत नाही, कारण सोसायटीची नोटीस वाचताना कोण सावध असतं?

तर अशी एक नोटीस घेऊ. म्हापशातली एखादी इमारत धरा. मूळ नोटीस इंग्रजीत असते. पहिला प्रवास हिंदीत होतो, कारण भाडेकरूंना ती कळायला हवी. दुसरा प्रवास मराठीत, आणि तो इंग्रजीवरून होत नाही. हिंदी समोर तयार असताना पुन्हा इंग्रजीकडे कोण जातो? ‘का’चा ‘चा’ करायचा, ‘रहेगी’चं ‘राहील’ करायचं, नामं आहेत तशी ठेवायची. पाच मिनिटांत मराठी तयार:

‘रविवारी सकाळी ९ ते १ टाकी खाली राहील. मागील सभेच्या कार्यवृत्तात संशोधन केले आहे. कोणास आपत्ति असल्यास ७ दिवसांत सचिवांना कळवावे. प्रतीवर हस्ताक्षर करावे.’

यात एकही अनोळखी शब्द नाही, आणि एकही बरोबर वाक्य नाही.

पहिलं वाक्य. हिंदीत टंकी ‘खाली’ म्हणजे रिकामी. मराठी वाचणाऱ्याला मात्र टाकीची जागा कळते, तिची अवस्था कळत नाही. इमारतीला टाक्या दोन, एक जमिनीखालची आणि एक गच्चीवरची. ‘टाकी खाली राहील’ वाचून तो म्हणतो, खालची तर खालीच असते, तिची कसली नोटीस? म्हणजे बादल्या कुणी भरून ठेवत नाही. मग रविवारी साडेदहाला ओट्यावर बांगडे अर्धवट साफ झालेले, हाताला खवले, आणि नळ फक्त फुसफुसतो. ‘रिकामी’ हा पाच वर्षांच्या पोराला येणारा शब्द लिहिला असता तर बांगड्यांचं हुमण वेळेवर झालं असतं. गंमत अशी की हे दोन ‘खाली’ नात्यातलेसुद्धा नाहीत. हिंदीतला अरबीतून आलेला, आपला ‘खालचा’, ‘खालून’ यांच्या घरातला. चेहरा तेवढा एक. (ट्रक ‘खाली करणे’ आपणही म्हणतो, हे मान्य. तिथे तो पाहुणा राहायलाच आला आहे. टाकीत मात्र त्याला घेऊ नये.)

दुसऱ्या वाक्यातलं ‘संशोधन’ हे हिंदीत दुरुस्ती, मराठीत प्रयोगशाळेतलं काम. सभेच्या इतिवृत्तावर संशोधन झालं म्हटल्यावर लोक फार तर हसतील, पुढे जातील. पण त्यातला देखभालीचा आकडा बदलला आहे, तो बघायला हवा, हे त्यांच्या लक्षात येणार नाही.

आणि खरी मेख तिसऱ्यात. हिंदीतली ‘आपत्ति’ म्हणजे हरकत. मराठीतली आपत्ती म्हणजे पूर, दरड, वादळ. ज्याच्यावर आपत्ती कोसळली त्याने ती सात दिवसांच्या आत सचिवांना कळवावी, असं वाचून शहाणा माणूस म्हणतो, देवाच्या कृपेने आमच्याकडे सगळं बरं आहे. तो काही कळवत नाही. सात दिवस उलटतात. पुढच्या सभेत नोंद होते की कुणीही हरकत घेतली नाही, सबब देखभालीची वाढीव रक्कम मंजूर. फसवणूक कुणी केली नाही, खोटं कुणी लिहिलं नाही. एका शब्दामुळे अख्ख्या इमारतीचं मौन संमती म्हणून जमा झालं.

चौथं वाक्य जाता जाता. हिंदीत ‘हस्ताक्षर’ म्हणजे सही. आपल्याकडे हस्ताक्षर म्हणजे अक्षराचं वळण, ज्याबद्दल शाळेत छड्या मिळायच्या. कागदावर ते ‘करा’ म्हटल्यावर काय करायचं? कुणी आपलं नाव सुवाच्य काढून देतो, सही करतच नाही, आणि कागद परत येतो.

आता कुणी जाणता माणूस हे सगळं सुधारतो. रिकामी, दुरुस्ती, हरकत, सही. मराठी लखलखीत होते. पण त्याच्या अंगात उत्साह उरतो आणि रखवालदारासाठी तो याच मराठीवरून नवी हिंदी करतो: ‘किसी की हरकत हो तो ७ दिन में बताएँ और सही करें.’ हिंदीत हरकत म्हणजे आगळीक, चाळे. ‘सही करें’ म्हणजे नीट करा, सुधारा. रखवालदार प्रामाणिक. तो तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने लिफ्टची बटणं कशी दाबून ठेवली ते सात दिवसांच्या आत कळवतो, आणि बटणं नीटही करतो. नोटिशीचं एवढं तंतोतंत पालन दुसऱ्या कुणी केलेलं नसतं.

इंग्रजीही यात धुतल्या तांदळासारखी नाही. ‘हॉटेल’ इंग्रजीत मुक्कामाची जागा, मराठीत बहुधा जेवायची. ‘हॉटेलवर उतरवा’ हा निरोप मराठीत फिरून आला की पाहुणा बॅगांसकट फिश थाळीच्या रांगेत उभा राहतो. त्यात नुकसान नाही, म्हणून तो प्रकार मी सोडून देतो.

पकडायचं कसं? शेपूट बघा. मराठीत तत्सम शब्दाचा शेवटचा इकार दीर्घ लिहितात. आपत्ती, समिती, स्थिती. मराठी नोटिशीत ‘आपत्ति’ ऱ्हस्व दिसली की ती हिंदीच्या गाडीतून थेट उतरली आहे, बॅगही उघडलेली नाही. फक्त ‘आणि’, ‘तथापि’सारख्या अव्ययांना आणि ‘आपत्तिग्रस्त’सारख्या जोडशब्दांतल्या पहिल्या पदाला उगाच धरू नका.

पण ‘हस्ताक्षर’ला, ‘समाधान’ला ही चाचणी लागत नाही, तिथे क्रियापद विचारा. मराठीत आपत्ती येते, कोसळते. ती कुणी ‘नोंदवत’ नाही. हरकत मात्र घेतात, नोंदवतात. समाधान होतं किंवा वाटतं. ते ‘काढलं’ असं दिसलं की समजा, हिंदीतला तोडगा आपल्या समाधानाचा सदरा घालून आला आहे. जोडीदार चुकला की नाम परकं.

एवढंही नको असेल तर नोटीस लावण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, ‘आजी, काय करायचं सांगितलंय यात?’ आजीने ‘बादल्या भरून ठेव’ म्हटलं तर लावा. ‘कुठल्या टाकीबद्दल बोलतोस रे?’ म्हटलं तर कागद खाली घ्या.

म्हणजे काढून घ्या. रिकामा करू नका.