दोन टोकांत बेरीज अडकते, पण सीमा हाती लागेलच असं नाही

बेरजेची सीमा काढायला एक सल्ला असा दिला जातो: "पदं भरपूर आणि प्रत्येक पद शून्याकडे जाणारं असेल, तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं पद घ्या, पदसंख्येने गुणा. बेरीज त्या दोघांत अडकते. पदसंख्या n वाढवली की टोकं जुळतात आणि सीमा मिळते. न जुळल्यास सरासरी घ्या, काम होतं."

बेरीज अडकते, हे खरंच आहे. फक्त पदं नीट मोजा. १/१९८० + १/१९८१ + … + १/२००१ या बेरजेच्या व्यस्ताचा पूर्णांक भाग काढायचा आहे. पदं २००१ − १९८० + १ = २२. बेरीज २२/२००१ आणि २२/१९८० यांच्या मध्ये, म्हणून व्यस्त ९० आणि ९०.९६ यांच्या मध्ये. उत्तर ९०. तो "+ १" विसरून २१ पदं धरली, तर व्यस्त ९४.२ ते ९५.३ मध्ये येतो आणि पूर्णांक भाग ९४ की ९५, हेच ठरत नाही. असं झालं की आधी पदसंख्या तपासावी.

टोकं जुळतात, हे मात्र चूक. पदं किती लहान आहेत याचा इथे संबंध नाही. मोठं पद भागिले लहान पद, हे गुणोत्तर १ कडे जातं का, ते पाहायचं. १/√(n²+१) पासून १/√(n²+n) पर्यंतच्या n पदांत ते जातं: n = १०० ला टोकं ०.९९५० आणि ०.९९९९५, सीमा १. आता १/(n+१) पासून १/(२n) पर्यंतची n पदं घ्या. इथेही प्रत्येक पद शून्याकडेच जातं, पण गुणोत्तर २n/(n+१), म्हणजे २ कडे. n = १०० ला टोकं ०.५ आणि ०.९९०१; n कितीही वाढवा, ती ०.५ आणि १ कडेच जाणार.

सरासरीचा सल्ला तर सरळ फसवा. तिची सीमा ०.७५ येते, बेरजेची खरी सीमा log २ (नैसर्गिक लॉग), म्हणजे ०.६९३१. छेद सारख्या अंतराने वाढले तरी पदं तशी घटत नाहीत, सुरुवातीला झपाट्याने आणि पुढे हळूहळू घटतात. त्यामुळे बरीचशी पदं लहान टोकाच्या बाजूला असतात.

उपाय सोपा आहे: बेरजेचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला त्याची स्वतःची टोकं द्या. n = १०० ला २५-२५ पदांचे चार तुकडे केले, तर

खालचं टोक: २५(१/१२५ + १/१५० + १/१७५ + १/२००) ≈ ०.६३४५
वरचं टोक: २५(१/१०१ + १/१२६ + १/१५१ + १/१७६) ≈ ०.७५३५

खरी बेरीज ०.६९०७. आधी ०.४९ असलेली फट ०.१२ वर आली. m तुकडे केले आणि n खूप मोठा घेतला, तर फट १/(२m) च्या जवळ राहते. दोन दशांश स्थळं पक्की हवीत तर चार-पाच तुकड्यांनी भागत नाही, फट ०.०१ वर आणायलाच ५० लागतात.