यादृच्छिक बिटांचा स्पेक्ट्रम सपाट नसतो

"बिट खरोखर यादृच्छिक आणि एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर ऑटोकोरिलेशन म्हणजे शून्यावरचा एकच काटा, म्हणून स्पेक्ट्रम पांढऱ्या गोंगाटासारखा सपाट येतो. फक्त बिटरेटच्या फ्रिक्वेन्सीवर क्लॉकची उंच रेघ दिसते. खात्री करायची असेल तर एक लांब नोंद घ्या, एफएफटीचा वर्ग काढा, झाले."

तोंडी परीक्षांच्या दिवसांत ठाणे आणि नवी मुंबईतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये हा मजकूर हातोहात फिरतो. ऐरोली आणि कोपरखैरण्याकडच्या मुलांच्या प्रयोगवह्यांतही मी तो उतरवलेला पाहिला आहे.

पहिल्या वाक्यात बिटांची मालिका आणि त्या मालिकेपासून तयार होणारी व्होल्टेजची लहर या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. आकड्यांची नुसती मालिका घेतली, म्हणजे +A किंवा −A अशी स्वतंत्र मूल्ये, तर तिचे ऑटोकोरिलेशन खरोखरच शून्य अंतरावर A² आणि इतरत्र शून्य असते. पण तारेवर आकडे जात नाहीत. प्रत्येक आकडा T इतका वेळ व्होल्टेज म्हणून धरून ठेवलेला असतो, आणि त्या धरून ठेवण्यामुळे एकाच बिटाच्या आतले दोन क्षण एकमेकांशी पूर्णपणे बांधलेले राहतात.

या लहरीचे ऑटोकोरिलेशन काढायला केवळ संभाव्यतेचा साधा विचार पुरतो. पहिल्या बिटाची सुरुवात 0 ते T यांमध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने होते असे धरू. हे गृहीतक दिसते किरकोळ, पण त्याच्यावाचून ऑटोकोरिलेशन फक्त अंतरावर नव्हे तर निवडलेल्या क्षणावरही अवलंबून राहते आणि वीनर-खिंचिन संबंध सरळ लावता येत नाही. मग एका बिटाच्या कालावधीवर आधी सरासरी घ्यावी लागते. आता एकमेकांपासून τ अंतरावरचे दोन क्षण घ्या, आणि τ हा T पेक्षा लहान असू द्या. त्यांच्यामध्ये बिटाची सीमा येण्याची संभाव्यता τ/T आहे. सीमा आली नाही तर दोन्ही मूल्ये एकच असल्याने गुणाकार A² येतो, आणि आली तर मूल्ये स्वतंत्र असल्याने गुणाकाराची सरासरी शून्य होते. म्हणून

R(τ) = A²(1 − |τ|/T), |τ| < T

आणि त्यापलीकडे R शून्य. हा काटा नाही, 2T रुंद पायाचा त्रिकोण आहे.

नॉर्बर्ट वीनर यांनी 1930 मध्ये आणि अलेक्सांद्र खिंचिन यांनी 1934 मध्ये मांडलेला संबंध असे सांगतो की स्थिर यादृच्छिक प्रक्रियेची पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटी म्हणजे तिच्या ऑटोकोरिलेशनचे फूरिये रूपांतर. R सम फलन असल्यामुळे फक्त कोसाइनचे समाकलन उरते:

S(f) = 2A² ∫₀ᵀ (1 − τ/T) cos(2πfτ) dτ = A²T [sin(πfT)/(πfT)]²

A = 1 व्होल्ट आणि T = 1 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला 10 लाख बिट, असे घेतले तर शून्य फ्रिक्वेन्सीजवळ, ऋण आणि धन अशा दोन्ही बाजू धरून, घनता 10⁻⁶ V²/Hz येते. 0.5 मेगाहर्ट्झवर ती 3.9 डेसिबलने खाली असते आणि 1 मेगाहर्ट्झवर थेट शून्य होते. पुढचा लोब सुमारे 1.43 मेगाहर्ट्झवर शिखर गाठतो, पण ते शिखर मधल्या शिखरापेक्षा 13.3 डेसिबलने खाली असते. एकूण 1 V² पॉवरपैकी सुमारे 90 टक्के पॉवर पहिल्या लोबमध्येच, म्हणजे 1 मेगाहर्ट्झच्या आत, सामावलेली असते. याला सपाट म्हणता येणार नाही.

मग इतक्या विद्यार्थ्यांना संगणकावर स्पेक्ट्रम सपाट का दिसतो? ते प्रत्येक बिटासाठी एकच नमुना घेतात म्हणून. खालच्या तुकड्यात `m` ची किंमत आधी 1 आणि नंतर 16 ठेवून आलेख काढावा.

```python
import numpy as np
from scipy.signal import welch
T, m = 1e-6, 16
a = 2*np.random.randint(0, 2, 100000) - 1
x = np.repeat(a, m)
f, S = welch(x, fs=m/T, nperseg=4096,
             detrend=False, return_onesided=False)
```

`m = 1` असताना नमुने घेण्याचा वेग बिटरेटएवढाच असतो, त्यामुळे सगळे लोब दुमडून एकमेकांवर बसतात, आणि 1/T च्या पटींनी सरकवलेल्या या सर्व वक्रांची बेरीज प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर नेमकी A²T येते. म्हणजे मूळ लहरीत जिथे खड्डा आहे तिथे शेजारचे लोब येऊन तो बिनचूक भरतात. हा सपाटपणा त्या मालिकेचा म्हणून खरा आहे, लहरीचा म्हणून नाही. `m = 16` केले की 1 मेगाहर्ट्झवरचा खड्डा लगेच उघडा पडतो.

क्लॉकच्या रेघेबद्दलचा दावा तर सरळ उलटा आहे. जिथे उंच रेघ दिसेल असे सांगितले आहे तिथेच घनता शून्य आहे. स्पेक्ट्रममध्ये रेघ यायची असेल तर ऑटोकोरिलेशनमध्ये कधीही न विरणारा आवर्ती भाग असावा लागतो, आणि आपला त्रिकोण T नंतर संपतो. +A आणि −A ऐवजी 0 आणि A अशी पातळी घेतली तर सरासरी A/2 झाल्यामुळे R च्या तळाशी A²/4 इतका स्थिर भाग कायम राहतो. त्याची रेघ शून्य फ्रिक्वेन्सीवर येते, 1/T वर नाही. दर सीमेवर बदल होण्याची शक्यता निम्मी असते हे खरे, पण बदल कधी वर जातो, कधी खाली, आणि त्यांचा परिणाम सरासरीत पुसला जातो. म्हणूनच रिसीव्हरमध्ये नुसता अरुंद फिल्टर लावून क्लॉक मिळत नाही. लहर आणि तिचीच अर्ध्या बिटाने उशिरा आलेली प्रत एक्सॉर गेटला दिली की प्रत्येक बदलावर एकाच दिशेचा स्पंद निघतो. या स्पंदांची सरासरी T ने आवर्ती असल्याने तिथे मात्र 1/T वर रेघ उमटते. 0 आणि A पातळ्यांच्या, अर्ध्या बिटातच शून्यावर परतणाऱ्या सांकेतिक पद्धतीतही ती आपोआप मिळते. सर्किटमध्ये ±A ची लहर थेट पाहताना 1/T वर टोक दिसलेच, तर वर जाणारी आणि खाली येणारी कड सारखी नाही, किंवा क्लॉक कुठून तरी गळतो आहे, असा संशय घ्यावा.

एका लांब नोंदीच्या एफएफटीचा वर्ग हा शेवटचा सल्ला ऐकायला सोयीचा आहे, पण वीनर-खिंचिन संबंधातली सरासरी त्यात वगळलेली असते. नोंद दहापट लांब केली तर फ्रिक्वेन्सीचे बिंदू दहापट वाढतात, मात्र प्रत्येक बिंदूवरची चढउतार जवळपास त्या बिंदूवरच्या घनतेएवढीच राहते, त्यामुळे आलेख कितीही वेळ थांबले तरी केसाळच दिसतो. नोंदीचे तुकडे करून त्यांच्या वर्गांची सरासरी घेतली तरच तो स्थिरावतो, आणि वरच्या तुकड्यातले `welch` हेच काम करते. तुकडे लहान केले तर खड्डा उथळ दिसू लागतो, म्हणून खड्ड्याची खोली मोजताना `nperseg` कमी करू नये.

प्रयोगशाळेतल्या जनरेटरबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. त्याचे बिट शिफ्ट रजिस्टरमधून येतात आणि पुन्हा पुन्हा तेच फिरतात. सात टप्प्यांच्या रजिस्टरची मालिका 127 बिटांनी परतते, त्यामुळे 1 मेगाबिट वेगाला तिचा स्पेक्ट्रम अखंड नसून सुमारे 7.87 किलोहर्ट्झ अंतरावरच्या रेघांचा असतो. त्या रेघांची उंची वरच्याच वक्राखाली राहते आणि 1 मेगाहर्ट्झवर तिथेही काहीच नसते.