५८ महिने की ८३?

"५ लाख जमा आहेत, महिन्याला २०,००० टाकतो, परतावा ६ टक्के. घराच्या डाउन पेमेंटचे २० लाख कधी होतील?"

२० लाखांचा आकडा हलला नाही, तर ५८ महिन्यांत. पण तो हलतो, आणि हिशेबाच्या कोष्टकात नेमकं हेच राहून जातं. घराची किंमत वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली, तर डाउन पेमेंटही त्याच वेगाने वाढतं. ५८व्या महिन्यात तुमच्याकडे २० लाख असतील, पण लागतील सव्वापंचवीस लाख! दोन्ही आकडे जुळायला ८३ महिने, म्हणजे जवळजवळ ७ वर्षं लागतात. म्हणून दर वर्षी आधी उद्दिष्टाचा आकडा नव्याने काढा, मग महिने मोजा. हप्ता २५,००० केलात, तर न हलणारे २० लाख ४९ महिन्यांत होतात. हप्ता २०,०००च ठेवला, तर परतावा ९ टक्के धरूनही ५२ महिने लागतात, शिवाय त्यात जोखीम वेगळी. मी हप्ताच वाढवेन.