तीन सायकलच्या पॅकेजात नेमके काय येते?

«साडेतीन लाखांत तीन आयव्हीएफ सायकलचे पॅकेज मिळते. एकदा पैसे भरले की औषधांसकट सगळे त्यात आले. शिवाय कंपनीचा विमा आणि करसवलत आहेच.»

या दाव्यातली पहिली अडचण ‘सायकल’ या शब्दातच आहे. स्त्रीबीजे बाहेर काढणे, म्हणजे पिकअप, ही एक सायकल मानायची की भ्रूण गर्भाशयात सोडणे, म्हणजे ट्रान्सफर, हे करारात स्पष्ट नसेल, तर तिचा अर्थ रुग्णालय लावते. काही पॅकेजांत पिकअप एकच असतो आणि पुढच्या दोन सायकली म्हणजे त्याच वेळी गोठवलेल्या भ्रूणांचे ट्रान्सफर असतात. गोठवण्याजोगे भ्रूण उरलेच नाहीत, तर त्या दोन सायकलींच्या पैशांचे काय होते, आणि बीजे नीट न वाढल्यामुळे मध्येच थांबवलेली फेरी मोजली जाते का, ही उत्तरे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावीत.

औषधांचा दावा तर अनेकदा इंजेक्शनांपाशीच कोसळतो. बीजे वाढवणाऱ्या इंजेक्शनांचा डोस वय, बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफीतला प्रतिसाद पाहून ठरतो, आणि तो मध्येच वाढू शकतो. हिशेबासाठी ७५ युनिटला १,००० रुपये धरू. रोज २२५ युनिट १० दिवस घेतले, तर ३०,००० रुपये होतात. रोज ३०० युनिट १२ दिवस लागले, तर ४८,०००. पॅकेज तेच, पण फरक १८,००० रुपयांचा, आणि प्रत्येक नव्या पिकअपला हा खर्च पुन्हा उभा राहतो. पॅकेजात औषधे ‘अमुक रकमेपर्यंत’ असतील, तर वरचा खर्च तुमचा. आमच्या पहिल्या फेरीत नवव्या दिवशी डोस वाढला, आणि त्या संध्याकाळी बर्फाच्या पिशवीत इंजेक्शने घेऊन निघताना औषधाच्या दुकानात क्रेडिट कार्ड पुढे करावे लागले.

इक्सी म्हणजे एकेक शुक्राणू थेट बीजात सोडणे, भूल, भ्रूण गोठवणे, त्याचे वार्षिक भाडे आणि दर भ्रूणामागे आकारली जाणारी जनुकीय तपासणी यांचे दर वेगवेगळे विचारावेत. यश आले तरी बिल थांबत नाही, कारण गर्भ टिकायला मदत करणारे प्रोजेस्टेरॉन हे औषध बहुधा गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांपर्यंत चालूच राहते.

विम्याबाबत सांगायचे, तर वंध्यत्वावरील उपचार हा नेहमीच्या आरोग्य विम्यातला प्रमाणित अपवाद आहे. कंपनीच्या सामूहिक विम्यात तो असला तरी मर्यादा ठरावीक असते, म्हणून एचआरच्या तोंडी शब्दावर न थांबता पॉलिसीची प्रत मागावी. आयकरातली वजावट विम्याच्या हप्त्यावर मिळते, आयव्हीएफच्या बिलावर नव्हे, आणि नव्या करप्रणालीत तीही नाही.

दोघांच्या पगारावर नियोजन करताना पॅकेजची रक्कम ३ ने भागून ‘दर सायकल’ काढणे म्हणूनच फसवे ठरते. त्याऐवजी एका पूर्ण पिकअपचा औषधांसह खर्च आणि एका गोठवलेल्या ट्रान्सफरचा खर्च वेगळा लिहावा, आणि दुसऱ्या पिकअपची रक्कम हाताशी येण्यापूर्वी पहिल्यासाठी सगळी शिल्लक किंवा भविष्यनिर्वाह निधी रिकामा करू नये.