खात्यात 28 लाख, उत्पन्न 17 हजार: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचून चीड आली. मी कळव्याचा, इंटिरियरची कामं घेतो. सहा महिन्यांत करंट खात्यात 28 लाखांच्या आसपास जमा आहेत. तुमच्यासारख्यांनी त्यातले निम्मे पैसे 'धंद्याचे नाहीत' म्हणून खोडले. माझ्याच सेव्हिंगमधून आलेले पैसे माझे नाहीत? रोख भरली की चोर? शेवटी उत्पन्न धरलं महिना 17 हजार. एवढ्यात माझ्या सुतारांचा पगारही निघत नाही. पगारदाराला मात्र तीन स्लिपांवर कर्ज."

उत्तर:

नमस्कार. कर्जाच्या अर्जात बँक स्टेटमेंटवरून धंदेवाल्याचं उत्पन्न कसं काढतात, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही ही प्रतिक्रिया दिलीत. अशा फाईली वाचणं हे माझं काम. तुमचं स्टेटमेंट मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या फाईलवर निकाल देणार नाही. पण तुमच्याच धंद्यातली, घोडबंदर रोडच्या फ्लॅटांची कामं करणाऱ्या एका कंत्राटदाराची फाईल मी वाचली होती. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलून ती इथे उलगडतो. तुम्हाला जो 17 हजारांचा आकडा मिळाला, तो कुठून येतो आणि कुठे अडतो, ते त्यात दिसतं.

एप्रिल ते सप्टेंबर करंट खात्यात एकूण जमा 28 लाख 23 हजार. आम्ही स्टेटमेंट ओळ-ओळ वाचतो आणि प्रत्येक जमेपुढे एकच प्रश्न विचारतो: हे पैसे कुणाच्या कामाचे? जूनमध्ये एका फायनान्स कंपनीचं 3 लाखांचं पर्सनल लोन जमा झालं होतं. ते फेडायचे पैसे आहेत, कमाई नाही. एका गिऱ्हाइकाचा दीड लाखाचा चेक जमा झाला, बाउन्स झाला आणि आठवड्याने पुन्हा भरला. जमेच्या बेरजेत तो दोनदा येतो, म्हणून एकदा काढला. मेहुण्याकडून 2 लाख आले आणि बारा दिवसांनी परत गेले. जूनच्या सुरुवातीला 1 लाख 20 हजार रोख काढली होती, काम पुढे ढकललं गेल्यावर तीच परत भरली. आणि सेव्हिंगमधून आलेले 4 लाख 60 हजार. सगळं मिळून 12 लाख 30 हजार गेले, उरले 15 लाख 93 हजार.

आता तुमचा मुख्य मुद्दा. सेव्हिंगमधून आलेले पैसे तुमचेच आहेत, यात वाद नाही. पण करंटमधून सेव्हिंगला दिलेले 50 हजार परत करंटला आले की तेच पैसे दोनदा जमा दिसतात. म्हणून ते खोडणं बरोबरच आहे. चूक त्याच्या पुढच्या पायरीवर होते. खोडून झाल्यावर सेव्हिंगचं स्टेटमेंट मागवायला हवं आणि तिथे ते पैसे मुळात कुठून आले ते बघायला हवं. छोटी कामं देणारे बरेच लोक कंत्राटदाराच्या मोबाइल नंबरवर जीपे करतात आणि तो नंबर बहुतेक वेळा सेव्हिंगला जोडलेला असतो. या फाईलमध्ये 4 लाख 60 हजारांपैकी 2 लाख 83 हजार करंटमधूनच गेलेले होते. उरलेले 1 लाख 77 हजार मात्र सरळ गिऱ्हाइकांचे होते. त्यांची बिलं होती आणि ती रक्कम जीएसटीआर-3बी या जीएसटीच्या विवरणपत्रातल्या विक्रीतही आली होती. ते परत धरल्यावर आकडा झाला 17 लाख 70 हजार.

यात 18 टक्के जीएसटी आहे. तो सरकारचा, तुमच्या हातून जाणारा. तो वगळला की विक्री राहते 15 लाख. खर्चाची बाजूही अशीच वाचायची: प्लायवूड, लॅमिनेट, हार्डवेअरवाल्यांना गेलेले 9 लाख 44 हजार, म्हणजे जीएसटी वगळून 8 लाख. सुतार आणि मदतनीसांची मजुरी 3 लाख 60 हजार. वागळे इस्टेटमधल्या गाळ्याचं भाडं, टेम्पो, वीज मिळून 90 हजार. एकूण साडेबारा लाख. शिल्लक अडीच लाख, म्हणजे महिन्याला साधारण 41 हजार 600.

आता सेव्हिंगचे 1 लाख 77 हजार धरलेच नाहीत तर काय होतं बघा. विक्री 15 लाखांऐवजी साडेतेरा लाख होते, खर्च मात्र तेवढाच राहतो, कारण त्या कामांचं प्लायवूडही करंटमधूनच घेतलेलं असतं. शिल्लक एक लाख, महिन्याला 16 हजार 600. एका न मागवलेल्या स्टेटमेंटने उत्पन्न निम्म्याहून खाली आलं. तुमचा 17 हजारांचा आकडा वाचून मला पहिली शंका हीच आली. सुतारांचा पगार यातून निघायचा नाही, तो आधीच वजा झालेला असतो; पण एवढ्यात घर चालत नाही हे खरं, आणि हेच वाचणाऱ्याला खटकायला हवं होतं. माणूस पाच वर्षं धंद्यात आहे, मुलांची फी वेळेवर जाते, दुकानदारांची उधारी थकलेली नाही आणि उत्पन्न 17 हजार, हे जुळत नाही. आकडा जुळत नसेल तर फाईल नाकारण्याआधी कागद मागवायचे, असं मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला सांगत आलो आहे.

रोखीबद्दल. रोख सरसकट शून्य धरणारे आहेत आणि मला ते पटत नाही. या फाईलमध्ये फिरून आलेले 1 लाख 20 हजार सोडून आणखी 2 लाख 20 हजार रोख भरलेली होती. ती आम्ही धरली. भरणा वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या रकमांचा होता आणि काम पूर्ण झाल्याच्या बिलांशी जुळत होता. शंका येते ती वेगळ्या प्रकारच्या भरण्याची: हप्ता 5 तारखेला आणि दर महिन्याच्या 4 ला गोल रक्कम, किंवा पाच महिने काहीच नाही आणि अर्जाच्या आधीच्या महिन्यात एकदम तीन लाख. अशी रोख कुणाकडून तरी उसनी घेऊन भरलेली असते, हे अनेकदा पुढच्या दोन आठवड्यांत खात्यातून गेलेल्या पैशांच्या नोंदींतूनच कळतं.

तुमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे ॲडव्हान्स. सप्टेंबरच्या शेवटी दिवाळीआधीच्या कामांचे ॲडव्हान्स येतात. ते जमेत दिसतात, पण त्यांचं सामान ऑक्टोबरमध्ये येणार असतं, म्हणून नफा फुगलेला दिसतो. उलट पूर्ण झालेल्या कामाचे शेवटचे दहा टक्के अडकलेले असतात, ते दिसतच नाहीत. या फाईलमध्ये दोन्ही बाजू जवळपास सारख्या निघाल्या, म्हणून काही बदललं नाही. नेहमी असं होत नाही. शिवाय सहा महिने म्हणजे वर्ष नव्हे. पावसाळा त्यात आला की नाही यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून बारा महिन्यांची विक्री जीएसटीआर-3बी वरून ताडून बघायची.

पगारदाराशी तुलना केलीत, तर फरक एवढाच की त्याच्या स्लिपवर कपाती आणि कर आधीच वेगळे मांडलेले असतात. तुमच्या बाबतीत ते काम वाचणाऱ्याला करावं लागतं.

41 हजार 600 धरले तरी कर्ज हवं तेवढं मिळेलच असं नाही. उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ते चालतील असं धरलं, तर या कंत्राटदाराला साधारण 20 हजारांची जागा होती आणि जूनच्या पर्सनल लोनचा साडेदहा हजारांचा हप्ता आधीच चालू होता. घरासाठी उरले जेमतेम दहा हजार. त्याला ते लोन आधी फेडून मग अर्ज करायला सांगितलं.

तुम्ही आता एवढं करा. त्याच सहा महिन्यांचं सेव्हिंगचं स्टेटमेंट काढा, गिऱ्हाइकांकडून आलेल्या प्रत्येक जमेपुढे बिलाचा नंबर लिहा आणि ते जीएसटीआर-3बी सोबत बँकेच्या क्रेडिट मॅनेजरकडे द्या. पीडीएफऐवजी अकाउंट ॲग्रीगेटर, म्हणजे तुमच्या संमतीने खात्याची माहिती एका बँकेतून दुसरीकडे पोचवणारी सेवा, वापरून दोन्ही खात्यांची संमती दिलीत तर आणखी बरं, कारण ती माहिती थेट बँकेकडून येते आणि तिच्या खरेपणावर शंका घ्यायला फारशी जागा राहत नाही. फाईल पुन्हा बघायची विनंती लेखी करा. आणि उत्पन्न कसं काढलं, कोणत्या नोंदी वजा केल्या, तेही विचारा. ज्या जमांची बिलं नाहीत त्या मात्र धरल्या जातील अशी अपेक्षा ठेवू नका.