जुलैत विक्री वाढली होती, सत्तर टक्क्यांनी पडली नव्हती!

तीन दिवस गप्प बसले. आता बसवत नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मी हिशेब बघते. गड्डा यात्रा तोंडावर आली की आमच्याकडे एप्रिल ते डिसेंबरच्या विक्रीची बैठक होते. मालक समोर, लाईनवर फिरणारी पोरं भिंतीला टेकून, आणि टेबलावर एक छापील कागद. यंदा तो कागद मी केला नव्हता. आठवड्यातून दोनदा बाहेरून येणाऱ्या माणसाने केला होता. महिना, विक्री, आणि तिसऱ्या रकान्यात मागच्या महिन्यापेक्षा किती टक्के वाढ किंवा घट. एवढंच काम, तीन रकाने.

मालकांनी कागद उचलला, चष्मा सावरला आणि विजयपूर-कलबुर्गी लाईन बघणाऱ्या पोराकडे बघून सगळ्यांसमोर ओरडले, "काय बे, जुलैत काय झोपा काढलास काय? सत्तर टक्के धंदा पाडलास!" ते पोर पांढरंफटक पडलं. त्याला नीट आठवत होतं की जुलैत त्याने जूनपेक्षा जास्त माल काढला होता. पण कागदावर छापलेलं होतं, उणे ७० टक्के. कागदापुढे माणसाच्या शब्दाला किंमत नसते आपल्याकडे. तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला.

बैठक संपल्यावर मी त्या कागदाची एक्सेल फाईल उघडली. जुलैच्या ओळीवर गेले, सूत्र बघायला F2 दाबलं, आणि डोकं सणकलं.

आकडे सांगते, म्हणजे माझा राग कशाचा आहे ते कळेल. एप्रिल ८ लाख, मे १० लाख, जून ७ लाख. हे B2, B3, B4 मध्ये. मेच्या शेजारी, C3 मध्ये, हे सूत्र होतं:

```
=(B3-B2)/B2
```

या महिन्यातून मागचा महिना वजा, भागिले मागचा महिना. वर टक्क्याचं बटण दाबलं की मेला २५ टक्के वाढ दिसते. सूत्रात काही चूक नाही. खाली ओढलं की शीट आपोआप B4 मधून B3 वजा करते, मग B5 मधून B4. जूनला उणे ३०. तेही बरोबर. घोटाळा पुढच्या ओळीत आहे. जूननंतर त्या माणसाने एक ओळ घुसवली होती, पिवळ्या रंगात, ठळक अक्षरात: पहिली तिमाही, एकूण २५ लाख. ती बसली B5 मध्ये. जुलैचे साडेसात लाख गेले B6 मध्ये. आणि या गृहस्थाने C3 चा कोपरा धरून डबल क्लिक केलं, सूत्र तळापर्यंत सरसर उतरलं, आणि त्याने फाईल बंद केली.

सूत्राला काय कळतंय की B5 हा महिना नाही? त्याला एवढंच कळतं, एक घर वर. त्याने जुलैचे साडेसात लाख घेतले आणि अख्ख्या तिमाहीच्या २५ लाखांशी ताडून बघितले. उणे ७० येणारच! खरी तुलना जूनच्या ७ लाखांशी. साडेसात वजा सात, भागिले सात, म्हणजे ७.१ टक्के वाढ. वाढ! ज्या पोराची पाठ थोपटायला हवी होती त्याची सगळ्यांसमोर लाज काढली, आणि ती एका पिवळ्या ओळीपायी.

ऑक्टोबरचं तर बघवत नाही. दिवाळीचा माल उचलण्याचा महिना, रात्री दहा दहापर्यंत गाठोडी बांधली आम्ही. सप्टेंबर साडेदहा लाख, ऑक्टोबर १४ लाख. तिसरा हिस्सा वाढ, ३३.३ टक्के. कागदावर काय? उणे ४८.१. कारण मध्ये दुसऱ्या तिमाहीचे २७ लाख बसलेत. आणि त्या पिवळ्या ओळीच्या शेजारी काय छापलंय बघा: वाढ २५७ टक्के. जूनच्या ७ लाखांवरून तिमाहीच्या २५ लाखांवर उडी म्हणे! हा आकडा दिसल्यावर सुद्धा ज्याचा हात थांबत नाही, त्याने शीट उघडूच नये. सोलापुरात कुठल्या टॉवेलवाल्याचा धंदा एका महिन्यात साडेतीन पट झालाय, दाखवा मला.

एवढंच नाही बघणं जमत? तळाच्या शेवटच्या घरावर जायचं, F2 दाबायचं. सूत्र ज्या घरांकडे बघतंय त्यांच्याभोवती रंगीत चौकटी उमटतात. डिसेंबरच्या सूत्राच्या चौकटी डिसेंबर आणि नोव्हेंबरच्या विक्रीभोवतीच दिसतायत का, बस. मग जिथे पिवळी ओळ आहे तिच्या लगेच खालच्या घरात तेच करायचं. अर्धं मिनिट लागत नाही. तेवढा वेळ काढला असता तर एका पोराची अब्रू वाचली असती.

मी काय केलं? तिमाहीच्या ओळी मधून उडवल्या. आता त्या उडवताना पण धडा असतो. ओळ काढली की जुलैचं सूत्र ज्या घराकडे बघत होतं ते घरच राहत नाही, आणि तिथे #REF! येतं. घाबरून परत ओळ घालू नका. C3 निवडा, तिथून शेवटपर्यंत पुन्हा ओढा, सगळं जागेवर येतं. तिमाहीच्या बेरजा मी शेजारी E रकान्यात घेतल्या, =SUM(B2:B4) अशा. मालकांना बेरीज हवी असते, मिळाली. महिन्यांच्या रांगेत मात्र महिनेच राहिले. आणि एप्रिलचं घर, C2, मोकळं सोडलं, कारण एप्रिलच्या आधीचा मार्च या शीटमध्ये नाहीच. काहीजण तिथूनच ओढायला लागतात, मग वरचं "विक्री" हे शीर्षक वजा करायला जातं सूत्र आणि #VALUE! देतं. निदान ती चूक बोंबलते तरी. उणे ७० बोंबलत नाही, आकडा म्हणून शहाण्यासारखं बसून राहतं.

इतकं करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर आकडे परत बदललेले!

मालकांचा पुतण्या. पुण्याला शिकलाय, हुशार आहे, मला ताई म्हणतो, पण विचारल्याशिवाय हात घालायची खोड. त्याने कुठेतरी बघितलं होतं की सूत्र ओढताना घर हलू नये म्हणून डॉलर लावतात. म्हणून लावले:

```
=(B3-$B$2)/$B$2
```

मी म्हटलं, "अरे, हे काय केलंस?"

म्हणाला, "ताई, लॉक केलं. आता कुणी बिघडवू शकणार नाही."

कुणी बिघडवू शकणार नाही! डॉलरने घर कुलूपबंद होत नाही बाबा, सूत्राची नजर तिथे खिळते. आता दर महिना मागच्या महिन्याशी नाही, एप्रिलशी ताडला जातोय. मेला २५ टक्के, कारण मेच्या मागे एप्रिलच आहे. म्हणजे पहिलं घर तपासणाऱ्याला सगळं ठीक वाटणार! पण नोव्हेंबर बघा. ऑक्टोबरचे १४ लाख उतरून ११ लाख २० हजार झाले, दिवाळी सरली की होतंच ते, २० टक्के घट. याच्या शीटमध्ये नोव्हेंबरला ४० टक्के वाढ! जुलैत तर पुन्हा उणे, सव्वासहा टक्के, कारण साडेसात हे आठपेक्षा कमी. म्हणजे त्या पोराला दुसऱ्यांदा शिव्या खाव्या लागल्या असत्या, फक्त थोड्या कमी.

याचा मला जास्त राग आला, खरं सांगते. उणे ७० बघून एखाद्याला शंका तरी येईल. हे आकडे गोड दिसतात. एप्रिलपासून किती वाढलो हे बघायचं असेल तर डॉलर बरोबरच आहेत, पण मग रकान्याच्या डोक्यावर तसं लिहा ना! वर "मागील महिन्यापेक्षा बदल" आणि खाली एप्रिलपासूनचा बदल, याला फसवणूक म्हणतात, मग ती भोळेपणाने केलेली का असेना.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तळाची ओळ. सरासरी! टक्क्यांची सरासरी काढून ठेवली होती त्या बाहेरच्या माणसाने. पुतण्याला मी मे आणि जून एवढेच दोन महिने समोर घेऊन समजावलं. मेला २५ वर, जूनला ३० खाली. सरासरी उणे अडीच, म्हणजे जवळजवळ जिथल्या तिथे. खरं काय? ८ लाखांचे ७ लाख झालेत. साडेबारा टक्के खाली! कारण ते २५ टक्के आठ लाखांवरचे आणि ३० टक्के दहा लाखांवरचे. पाया वेगळा असलेले टक्के एकत्र मिसळायचे नसतात. एकूण किती फरक पडला ते हवं असेल तर शेवटचा महिना घ्या, पहिला घ्या, आणि तेच साधं सूत्र एकदा लावा. पोरगा गप्प झाला, डॉलर काढले, आणि C3 पासून खाली स्वतः ओढून घेतलं. मग शेवटच्या घरात F2 दाबून मला दाखवलं सुद्धा. चूक कळल्यावर अडून बसला नाही, त्याबद्दल त्याच्यावर माझा राग नाही.

बाहेरच्या माणसावर आहे. त्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, सूत्र तर बरोबरच होतं." हो, होतं! C3 मध्ये बरोबर होतं! खाली उतरून काय झालं ते कुणी बघायचं?

काल दुपारी मी नवीन कागद छापून मालकांपुढे ठेवला. जुलैवर बोट ठेवून सांगितलं, ७.१ टक्के वाढ आहे, ऑक्टोबरला ३३.३, तुम्ही ज्याच्यावर ओरडलात त्याने काही पाडलेलं नाही. त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरून बघितले, "बरं" म्हणाले, आणि जुना कागद फाडून टाकला.

ओरडले होते दहा माणसांसमोर. त्या पोराला मात्र अजून कुणी एक शब्द बोललेलं नाही.